बारावी फिजिक्स: धड्यांना कठीणपणा आणि ओळखीचे गुण देऊन एकूण तास काढले, पण हिशेब बरोबर आहे का?

अबोली_जुळेसोलापूर

नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड, सीईटी पण देणार. ऑगस्ट सुरू झाला तरी फिजिक्सला एकूण किती तास लागणार याचा अंदाजच येत नव्हता, म्हणून एक शीट केलं. प्रत्येक धड्याला दोन आकडे दिले. पहिला कठीणपणा, १ ते ५. दुसरा ओळख, तोही १ ते ५, म्हणजे ५ असेल तर धडा चांगला माहीत आहे. मग तास असे काढले:

```
=B2*(6-C2)
```

B मध्ये कठीणपणा, C मध्ये ओळख. जे आलं ते खाली देते. क्रम कठीणपणा, ओळख, तास असा आहे.

रोटेशनल डायनॅमिक्स ५, २, २०
फ्लुइड्स ३, ३, ९
कायनेटिक थिअरी ३, ३, ९
थर्मोडायनॅमिक्स ४, ३, १२
ऑसिलेशन्स ४, ३, १२
सुपरपोझिशन ४, २, १६
वेव्ह ऑप्टिक्स ४, १, २०
इलेक्ट्रोस्टॅटिक्स ४, ३, १२
करंट इलेक्ट्रिसिटी २, ४, ४
मॅग्नेटिक फील्ड्स ४, १, २०
मॅग्नेटिक मटेरियल्स २, २, ८
ईएमआय ४, १, २०
एसी सर्किट्स ४, १, २०
ड्युअल नेचर ३, २, १२
ॲटम्स अँड न्यूक्लिआय २, ४, ४
सेमीकंडक्टर्स २, ३, ६

एकूण २०४ तास. क्लास आणि कॉलेज सोडून घरी फिजिक्सला आठवड्याला साधारण १२ तास मिळतात. म्हणजे १७ आठवडे. अवघड धडे आधी घ्यायचे आणि सोपे सहा डिसेंबरसाठी ठेवायचे असं ठरवलंय. दादा म्हणतो की हे आकडे हवेतले आहेत. कोणी असं करून पाहिलंय का?

बाळीवेस_बॉय

काय बे हे, अभ्यास कमी अन् एक्सेल जास्त. धडा उघडायचा, संपवायचा, पुढचा उघडायचा. आम्ही इंजिनिअरिंगला असंच करतो, पास होतो की.

चादरवाला

पास होतो की, यातच सगळं आलं. :)

अबोली, मी कारखानदार माणूस, फिजिक्स सोडून जमाना झाला. पण गुण कशाला द्यायचे? पानं मोज. एका पानाला किती मिनिटं लागतात ते एकदा घड्याळ लावून बघ आणि गुणाकार कर. मनाला येईल तो आकडा देण्यापेक्षा पानं खोटं बोलत नाहीत.

विजापूरवेस

चादरवाला, पानं खोटं बोलत नाहीत पण पूर्ण खरंही सांगत नाहीत. एका पानावर ट्रान्सफॉर्मरचं चित्र आणि चार ओळी असतात, दुसऱ्यावर एक अख्खं डेरिव्हेशन असतं. एकाला पाच मिनिटं लागतात, दुसऱ्याला पाऊण तास. लांबी हिशेबात घ्यायलाच हवी, ते तुमचं बरोबर आहे. अबोलीच्या शीटमध्ये लांबी कुठेच नाही. पण नुसत्या लांबीवर भागणार नाही.

अबोली, मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त आहे. तुझं शीट नीट वाचलं. एकूण बेरजेआधी आकड्यांकडेच बघ. ज्या चार धड्यांना तू ओळख १ दिली आहेस (वेव्ह ऑप्टिक्स, मॅग्नेटिक फील्ड्स, ईएमआय, एसी), त्या चारही धड्यांना कठीणपणा ४ आहे. आणि ओळख ४ असलेल्या दोन्ही धड्यांना कठीणपणा २. हा योगायोग नाही. जे अजून वाचलं नाही ते तुला कठीण वाटतंय आणि जे ऐकून माहीत आहे ते सोपं. म्हणजे एकच गोष्ट दोन रकान्यांत दोनदा लिहिली गेली आणि वरून तुझ्या सूत्राने तिचा गुणाकार केला.

म्हणून नवखे धडे २० तासांवर गेले आणि ओळखीचे ४ तासांवर आले. एकाला दुसऱ्याच्या पाचपट वेळ? प्रत्यक्षात बोर्डाच्या पुस्तकातल्या धड्यांमध्ये इतका फरक पडत नाही.

अबोली_जुळेसोलापूर

सर, मग कठीणपणा न वाचता ठरवायचा कसा? वाचल्यावर तर ओळख पण बदलते ना.

विजापूरवेस

वाचायचं नाही, चाळायचं. धड्यात डेरिव्हेशन्स किती आहेत ते मोज. मग शेवटच्या स्वाध्यायातली गणितं बघ. किती गणितं एका सूत्रात आकडे घातले की सुटतात आणि किती गणितांना दोन-तीन सूत्रं जोडावी लागतात? दुसऱ्या प्रकारची जास्त असतील तर धडा कठीण. याला विषय समजावा लागत नाही, पंधरा मिनिटांत होतं. आणि मैत्रिणींना विचारू नकोस. रोटेशनल डायनॅमिक्सला ५ दिलेस ते कोणाच्या तरी तोंडून ऐकून, बरोबर? त्या धड्याची सुरुवात वर्तुळाकार गतीने होते, ती तुझी अकरावीला झालेली आहे.

ओळखीला मात्र परीक्षाच घ्यावी लागते. कोरा कागद, पुस्तक बंद, दहा मिनिटं. धड्यातले मथळे आठवतील तेवढे लिही, सूत्रं लिही, एक डेरिव्हेशन सुरू करून बघ. मग स्वाध्यायातली दोन गणितं घे. काहीच जमलं नाही तर १. मथळे आणि सूत्रं आली पण गणित सुरूच झालं नाही तर २. एक गणित सुटलं तर ३. दोन्ही सुटली आणि डेरिव्हेशनही निम्म्यापर्यंत गेलं तर ४. ५ द्यायची वेळ क्वचितच येईल.

करंट इलेक्ट्रिसिटीला तू ४ दिली आहेस, तिथून सुरुवात कर. मला दाट शंका आहे की तुझी ओळख ओहमचा नियम आणि सिरीज-पॅरलल एवढ्याशीच आहे. ते दहावीचं आणि अकरावीचं झालं. बारावीचा धडा किर्चहॉफपासून सुरू होतो. पुढे व्हीटस्टोन ब्रिज, मीटर ब्रिज, पोटेन्शिओमीटरचे उपयोग, गॅल्व्हानोमीटरचा ॲमीटर आणि व्होल्टमीटर करणं. धड्याचं नाव ओळखीचं, आतला मजकूर नवा. ॲटम्सचंही तेच. बोरचं मॉडेल तू केमिस्ट्रीत वाचलंस, पण बाइंडिंग एनर्जी आणि किरणोत्सारी क्षयाची गणितं?

सोनचाफा

माझा मुलगा पण बारावीला आहे. कठीणपणाचे गुण काढले की जे ५ आणि ४ आहेत ते ऑप्शनला टाकायचे, असंच ना? म्हणजे निदान १० धडे तरी पक्के होतील. कुठले टाकलेले चालतील ते सांगाल का?

विजापूरवेस

सोनचाफाताई, इथे प्रश्न वेगळा चालला आहे. कोणता धडा सोडायचा हे नाही, कोणत्या धड्याला किती वेळ ठेवायचा हे. आणि सोडण्याचा फारसा फायदा पण नाही. ७० गुणांची लेखी परीक्षा १६ धड्यांवर बरीचशी सारखी वाटलेली आहे, एखाद-दुसरा गुण इकडेतिकडे. सहा धडे सोडले तर तेवढे गुण गेलेच, आणि सीईटीला तर सगळ्याच धड्यांवर प्रश्न.

सोनचाफा

बरं. मग मुलाला ती कोऱ्या कागदाची परीक्षा द्यायला लावते. ऐकेल तर शपथ.

तलाठी_होणारच

मी स्पर्धा परीक्षेवाला. सात रस्त्याच्या अभ्यासिकेत बसतो. हेच मी जीएसला केलं होतं. इतिहास, भूगोल, पॉलिटी जमलं. चालू घडामोडींना कठीणपणा किती अन् ओळख किती देणार? महिनाभरात संपवलं म्हणावं तर पुढच्या महिन्याचं आलेलं असतं. शेवटी तो रकाना रिकामाच ठेवला. सर, अशा विषयाचं काय करायचं?

विजापूरवेस

त्याला शेवट नाही, म्हणून त्याचे एकूण तासही निघत नाहीत. रोजचा अर्धा तास बाजूला काढायचा आणि उरलेल्या वेळात बाकीचा हिशेब बसवायचा. पण तो वेगळा विषय, वेगळा धागा काढा.

अबोली, आता मुख्य मुद्दा. सूत्र कोणतंही घे, गुणांना तासांत बदलणारा आकडा तुझ्याकडे नाही. कठीणपणा ४ म्हणजे किती तास हे तुला कोणीच सांगितलेलं नाही, तू धरून चालली आहेस. तो आकडा काढायचा एकच मार्ग आहे. तीन धडे पूर्ण कर, घड्याळ लावून. एक तुझ्या शीटमध्ये सगळ्यात कमी तासांचा, एक मधला, एक सगळ्यात जास्त तासांचा. करंट, ऑसिलेशन्स आणि ईएमआय घे. पूर्ण म्हणजे वाचन, टिपण, सगळी डेरिव्हेशन्स न बघता एकदा लिहून, स्वाध्याय संपवून. टेबलावर बसलेला वेळच मोज, मध्ये उठलीस तर घड्याळ थांबव. मग इथे ये.

बाळीवेस_बॉय

हे मात्र पटलं. आधी बोललो ते मागे नाही घेत, पण पटलं.

अबोली_जुळेसोलापूर

गणपती विसर्जन झालं, तिन्ही धडे पण झाले. मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजलं, पाव-अर्धा तास इकडेतिकडे असेल.

करंट इलेक्ट्रिसिटी: शीटमध्ये ४, लागले ११.
ऑसिलेशन्स: शीटमध्ये १२, लागले १३.
ईएमआय: शीटमध्ये २०, लागले १४.

करंटची कोऱ्या कागदाची परीक्षा आधी घेतली होती. ओहमचा नियम, रेझिस्टिव्हिटी, इतकंच लिहिता आलं. सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं येतंय असं वाटायचं, पण उत्तरावर हात ठेवला की लूपमध्ये कुठल्या दिशेने चिन्ह प्लस घ्यायचं तेच सुचेना. किर्चहॉफच्या गणितांनीच जास्त वेळ खाल्ला. ईएमआय उलट. फॅरडे आणि लेन्झ एकदा डोक्यात बसले की पुढचं भराभर गेलं. सेल्फ आणि म्युच्युअल इंडक्शनची गणितं एका सूत्राचीच निघाली बरीच.

पण सर, एक गंमत. तिन्हींची बेरीज शीटमध्ये ३६ होती आणि लागले ३८. म्हणजे माझं एकूण बरोबरच होतं की?

चादरवाला

मला एक दिसतंय. ११, १३, १४. म्हणजे कुठलाही धडा घेतला तरी दहाएक तास जाणारच, वरचे दोन-चार कमीजास्त. मागावर असंच असतं. नवीन बीम चढवून धागे जोडायचे, जकार्डची डिझाइनची कार्डं लावायची, त्याला जो वेळ जातो तो दहा चादरी काढा नाहीतर शंभर, तेवढाच. पोरीच्या सूत्रात तो ठरलेला वेळच नव्हता.

विजापूरवेस

चादरवाला, नेमकं बोललात. ओळख असली की समजून घेण्याचा वेळ कमी होतो. पण डेरिव्हेशन लिहून काढायला आणि स्वाध्याय सोडवायला लागणारा वेळ ओळखीने फारसा कमी होत नाही, हाताला लिहावंच लागतं. तोच तुमचा ठरलेला वेळ.

अबोली, तुझ्या तीन आकड्यांतून ढोबळ सूत्र असं निघतं. D मध्ये तुझे जुने तास आहेत असं धर:

```
=10+0.2*D2
```

ताडून बघ. करंट: १० अधिक ४ चा पाचवा भाग, १०.८. ऑसिलेशन्स १२.४. ईएमआय १४. प्रत्यक्षात ११, १३, १४. जवळ आहे. १६ धड्यांना लावलं तर १६० अधिक २०४ चा पाचवा भाग, साधारण २०१ तास.

बाळीवेस_बॉय

२०४ चे २०१!! एवढी मेहनत करून तीन तास वाचले. मी म्हणत होतो.

विजापूरवेस

बेरीज जुळली कारण चुका दोन्ही बाजूंना होत्या आणि एकमेकींत जिरल्या. अबोलीने सगळ्याच धड्यांना ओळख एकेक गुणाने जास्त दिली असती तर चुका एकाच बाजूला गेल्या असत्या आणि बेरीज आपटली असती. बहुतेक मुलांचं तसंच होतं.

आता तिची योजना बघ. सोपे सहा धडे तिने डिसेंबरला ठेवले होते: फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, करंट, मॅग्नेटिक मटेरियल्स, ॲटम्स, सेमीकंडक्टर्स. जुन्या शीटमध्ये त्यांचे मिळून ४० तास होतात. नव्या सूत्राने ६० अधिक ८, म्हणजे ६८. आठवड्याला १२ तासांनी २८ तास म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त तूट, आणि ती कळणार कधी? प्रीलिम तोंडावर आल्यावर. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळं वेळेआधी संपतंय असं वाटलं असतं, कारण अवघड धड्यांना वेळ गरजेपेक्षा जास्त ठेवलेला. एकूण तास बरोबर असूनही योजना फसते ती अशी.

अबोली_जुळेसोलापूर

हे लक्षातच आलं नव्हतं. करंट झाला, राहिलेल्या पाच धड्यांतले दोन आता मध्येच घेते.

उरलेले १६३ तास, आठवड्याला १२ म्हणजे जवळजवळ १४ आठवडे. पण दिवाळीचा एक आठवडा धरता येत नाही. आणि पाणी येतं त्या दिवशी सकाळचं काहीच होत नाही, भरण्यातच जातं. तो वेळ मी १२ मधून आधीच वजा केलाय. तरी डिसेंबर संपतोच. पुढे संक्रांतीला गड्ड्याची जत्रा, घरी पाहुणे. रिव्हिजन कधी?

विजापूरवेस

रिव्हिजन या २०१ मध्ये नाहीच, त्याचा रकाना वेगळा कर. एकदा पूर्ण झालेला धडा साधारण महिन्याने पुन्हा कोऱ्या कागदावर घेऊन बघ आणि किती वेळ लागतो ते मोज. आत्ता अंदाज करू नकोस. करंट पुढच्या महिन्यात घेऊन बघ, तो आकडा आला की त्यावरून बाकीच्यांचं ठरव.

आणि २०१ हा आकडा भिंतीवर लिहून ठेवू नकोस. तीन धड्यांवरून काढलाय. मी १८० ते २३० धरेन. आणखी दोन-तीन धडे झाले की सूत्र पुन्हा ताडून बघ. सलग दोन धड्यांना अंदाजापेक्षा दोन-तीन तास जास्त लागले तर समज की सूत्रातला १० कमी पडतोय.

चादरवाला

सर, माझी पानं अजून सोडत नाहीत मला. नातीचं पुस्तक घेऊन बघितलं. मॅग्नेटिक मटेरियल्स केवढासा धडा आहे. त्याला तुमच्या सूत्राने ११.६ तास? ईएमआयला १४ आणि याला ११.६? हे काही बरोबर वाटत नाही.

विजापूरवेस

बरोबर नाहीच. तीन धडे निवडले तेव्हा तिन्ही साधारण भरीव घेतले, छोटा एकही नाही. म्हणून सूत्राला छोटा धडा ओळखता येत नाही. डायामॅग्नेटिक, पॅरामॅग्नेटिक, फेरोमॅग्नेटिक, हिस्टेरेसिस, डेरिव्हेशन्स थोडी. मी त्याला ७-८ तास धरेन, पण माझा आकडाही मोजलेला नाही. अबोली, पुढचा तोच घे, म्हणजे कळेल.

बाळीवेस_बॉय

मग सरळ दहाच्या जागी डेरिव्हेशन्सची संख्या गुणिले काहीतरी अन् गणितांची संख्या गुणिले काहीतरी असं घ्या की. गुण द्यायची भानगडच नको.

विजापूरवेस

करून बघता येईल. पण ओळख मग कुठे घालशील? अकरावीला सेमीकंडक्टर्स नीट केलेल्या मुलाला आणि ऑप्शनला टाकलेल्या मुलाला डेरिव्हेशन्स सारखीच आहेत, तास सारखे नाहीत. माझ्या मते ओळखीचा रकाना राहायला हवा, कठीणपणाच्या जागी मोजलेली संख्या घाल हवं तर.

बाळीवेस_बॉय

मी तर म्हणतो ओळखीनेच सगळा घोळ होतो. बघू, अबोलीचे अजून चार धडे होऊ देत, मग दोन्ही सूत्रं लावून दाखवतो कुठलं जवळ येतं.

सोनचाफा

मुलाने करंटची परीक्षा दिली. स्वतःला ५ दिले होते, कागदावर निघाले २. तोंड पाडून बसलाय, पण पुस्तक उघडलंय.

अबोली_जुळेसोलापूर

बाळीवेस, चालेल. प्रत्येक धड्याची डेरिव्हेशन्स आणि गणितं मोजून दोन नवीन रकाने टाकते. मॅग्नेटिक मटेरियल्स रविवारी सुरू करते, झाला की तास इथेच लिहीन. सर, केमिस्ट्रीला पण हाच १० चालेल का? ऑरगॅनिकच्या धड्यांत डेरिव्हेशन्स नाहीत, नुसत्या रिॲक्शन्स.

विजापूरवेस

केमिस्ट्रीचं मला सांगता येणार नाही, फिजिक्सचा १० तिथे लावू नकोस एवढं नक्की. तिथेही तीन धडे निवड, एक फिजिकलचा, एक इनऑरगॅनिकचा, एक ऑरगॅनिकचा. आणि या वेळी एखादा छोटा धडा पण घे.